गुणगुणणारा ट्रान्सफॉर्मर आणि ८६ अंशांवर गेलेला काटा

मे महिन्याचा दुसरा आठवडा. सोलापुरात पारा ४२ वर. रात्रपाळीचा वॉचमन सकाळी गेटवरच मला अडवून म्हणाला, "मालक, आपलं डीपी रात्री लई ओरडायलंय. झोप लागंना." झोप लागत नाही ही वॉचमननं मालकाला सांगायची गोष्ट नव्हे, पण त्या नादात मुद्दा राहून जाऊ नये म्हणून मी तडक ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणापाशी गेलो. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता हे खरं. त्याहून लक्षात आलं ते त्याचं बदललेलं रूप. एरवी तो नुसता 'घूंऽऽ' असा सपाट असतो. आता त्यात घर्र मिसळली होती, गळ्यात कफ अडकल्यासारखी.

आमचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. वडिलांनी साध्या यंत्रमागांवर सुरू केला, आता रॅपियर लूम आहेत. ट्रान्सफॉर्मर आमचाच आहे. ५०० केव्हीए, ११ किलोव्होल्टचे ४३३ व्होल्ट करणारा, तेलानं आणि हवेनं आपोआप थंड होणारा, पंखा-पंप काही नाही. दोन्ही बाजूंना रेडिएटरची एकेक जोडी, वर तेलाची आडवी टाकी म्हणजे कन्झर्व्हेटर, आणि पुढे तेलाच्या तापमानाची डायल. डायलमध्ये दोन काटे असतात. काळा काटा आत्ताचं तापमान दाखवतो. लाल काटा मधल्या काळात काळा कुठवर जाऊन आला त्या जागी थांबतो, हातानं मागे आणेपर्यंत तिथंच राहतो. त्या सकाळी काळा ६१ वर होता आणि लाल ८६ वर. आमचा अलार्म ८५ ला लावलेला आहे. तो वाजला नव्हता, कारण हूटरची वायर कधीतरी उंदरानं कुरतडली होती. हे नंतर कळलं.

आमचे वायरमन मामा वडिलांच्या काळापासून आहेत. त्यांचं निदान दोन मिनिटांत झालं. "लोड जास्त झालाय मालक. नवे चार लूम बसवलेत न्हवं का, त्याचंच हाय हे." ऐकायला पटलं. त्या दुपारी आम्ही सहा लूम बंद ठेवले. काटा तासाभरात तीन-चार अंश उतरला. आवाज मात्र होता तसाच. मामा म्हणाले, कमी झालाय. मला वाटलं, तसूभरही नाही. आवाजाचं असंच असतं, दोघं शेजारी उभे राहून दोन वेगळ्या गोष्टी ऐकतात.

दुसऱ्या दिवशी तेल फिल्टर करणारा एक कंत्राटदार बघून गेला. झाकणही न उघडता त्यानं सांगितलं की तेल जळालंय, मशीन लावून फिल्टर करावं लागेल, आणि आकडा सांगितला. मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात वडिलांनी त्यांच्या एका जुन्या मित्राला फोन लावला. ते आयुष्यभर ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगमध्ये होते, आता निवृत्त आहेत, राहतात सोलापुरातच. मी त्यांना काका म्हणतो. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, "आवाज जास्त केव्हा असतो? आणि काटा जास्त केव्हा असतो?"

मला दोन्हीचं उत्तर देता येईना. मी धरूनच चाललो होतो की आवाज आणि ताप एकाच आजाराचे.

काकांच्या सांगण्यावरून आम्ही दोन दिवस दर दोन तासांनी नोंद केली. कुंपणाच्या आत, टाकीपासून एक मीटरवर, फरशीवर खडूनं एक फुली मारली. तिथं उभं राहून मोबाइलच्या अ‍ॅपवर आवाजाचा आकडा घ्यायचा. मोबाइलचा आकडा खरा किती यावर विसंबू नये, पण रोज त्याच जागी त्याच फोननं घेतला तर कालच्याशी तुलना करायला चालतो. सोबत एलटी, म्हणजे ४३३ व्होल्टच्या बाजूच्या, पॅनलवरचा करंट, व्होल्टेज, डायलवरचं तेलाचं तापमान आणि सावलीतल्या हवेचं तापमान.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यातल्या दोनच ओळी पुरेत. दुपारी ३ वाजता सगळे लूम चालू असताना करंट ४१० अँपिअर, व्होल्टेज ४५५, हवा ४२, तेल ८६, आवाज ६६. रात्री २ वाजता कारखाना बंद, फक्त दिवे आणि बोअरची मोटर: करंट २५ अँपिअर, व्होल्टेज ४७८, तेल ६६ आणि आवाज ७०.

काका संध्याकाळी आले. कागद बघून हसले आणि म्हणाले, "अरे, हे दोघं एका गावचेच नाहीत. लोड उतरला की ताप उतरतोय आणि आवाज चढतोय. लोडमुळं आवाज असता तर रात्री तो गप्प बसला असता."

आधी आवाजाचं बघू, म्हणाले. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात पातळ पोलादी पत्र्यांचा गाभा असतो. चुंबकत्व चढलं की हे पत्रे केसाच्या जाडीच्याही कितीतरी पट कमी एवढे लांबतात आणि उतरलं की आखडतात. चुंबकत्व उत्तरेकडे असो की दक्षिणेकडे, पत्रा दोन्ही वेळा लांबतोच. म्हणून आपल्याकडच्या ५० सायकलच्या विजेत तो सेकंदाला १०० वेळा हलतो. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ती हीच, आणि रिकाम्या ट्रान्सफॉर्मरलाही ती असते. गाभ्यात चुंबकत्व किती चढेल ते लोडवर ठरत नाही, गुंडाळीला किती व्होल्टेज मिळतो त्यावर ठरतं. व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त झाला की पत्रे तुडुंब भरतात. मग साध्या १०० च्या सुरात २००, ३००, ४०० चे सूर मिसळतात. मला ऐकू आलेली घर्र ती हीच होती.

आता ४३३ चे ४७८ कुठून झाले? त्याचं उत्तर टाकीवरच्या एका छोट्या हँडलमध्ये होतं. त्याला टॅप म्हणतात. एचटीच्या, म्हणजे ११ किलोव्होल्टच्या बाजूच्या, गुंडाळीचे काही वेढे त्यानं कमी-जास्त करता येतात. आमच्या नेमप्लेटवर सात जागा आहेत. १ नंबर ११५५० व्होल्टसाठी, ३ नंबर बरोबर ११००० साठी, आणि पुढे प्रत्येक पायरीला अडीच टक्के कमी, ७ नंबरवर ९९००. आमचं हँडल ६ वर होतं, म्हणजे १०१७५ वर.

ते तिथं का होतं हे मला माहीत होतं. पूर्वी आम्ही लाइनच्या शेपटाला होतो. दुपारी ११ हजारांचे १० हजार शंभर व्हायचे, मोटारी कण्हायच्या. म्हणून वडिलांनी टॅप खाली आणून घेतला होता, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. यंदा मार्चअखेर आमचा भाग जवळच्या उपकेंद्रावरच्या फीडरवर आला आणि दाब सुधारला. आम्ही खूश झालो आणि विसरून गेलो. एचटी मीटर बघितला तर रात्री ११.१५ किलोव्होल्ट आणि दुपारी १०.९. म्हणजे १०१७५ साठी लावलेल्या गुंडाळीला रात्री ११ हजार दीडशे मिळत होते, जवळपास दहा टक्के जास्त. ४३३ ला त्याच प्रमाणानं गुणलं तर ४७४ येतात.

उरलेले तीन-चार व्होल्ट कपॅसिटरचे. आमचं पॉवर फॅक्टरचं पॅनल कुणीतरी 'मॅन्युअल'वर टाकलं होतं. कारखाना बंद असतानाही ८० केव्हीएआर कपॅसिटर लाइनला लटकून होते, आणि बिनलोडचा कपॅसिटर व्होल्टेज ढकलून वर नेतो. काकांनी ते बंद करायला लावले, पॅनलवरचा आकडा ४७५ वर आला. फार नाही, पण दिसण्यासारखा. मला त्यावरून एकदम एप्रिल आठवला. महिनाभरात सहा कपॅसिटर फुगले होते आणि मी दुकानदाराला शिव्या घातल्या होत्या. त्यांच्यावर ४४० व्होल्ट लिहिलेलं आहे. रात्रभर ४७८ खाऊन ते फुगणारच. दुकानदाराचा काही दोष नव्हता. तसा फोन मी त्याला नंतर केला.

काकांनी अजून एक साधी गोष्ट करून दाखवली. केबल बॉक्सच्या पत्र्याच्या झाकणावर त्यांनी तळवा दाबून धरला. आवाजातला एक थर, जो पत्र्यासारखा तडतडत होता, तो क्षणात गेला. हात काढला, पुन्हा आला. झाकणाचे चार बोल्ट सैल होते. दोष गाभ्याचा आणि आवाज वाढवायला पत्रा. मात्र हात लावायचा तो फक्त अर्थ केलेल्या टाकीला आणि खालच्या झाकणाला, तोही आधी हाताच्या पाठीमागच्या बाजूनं आणि टाकीवर जिथं तारा जोडतात त्या बुशिंगपासून लांब राहून. हे त्यांनी दोनदा बजावलं. मग एक वाळलेला लाकडी दांडा टाकीला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं आणि मिनिटभर डोळे मिटून उभे राहिले.

"काय ऐकताय?"

"कढईत पापड तळल्यासारखं काही येतंय का ते. किंवा मधेच एखादी ठिणगी चटकल्यासारखं. तसं असतं तर मी तुला आत्ताच्या आत्ता ब्रेकर पाडायला सांगितलं असतं. गुणगुण कितीही मोठी असली तरी एकसारखी असते. तुटक आवाजाला घाबरायचं." आमच्याकडे तसं काही नव्हतं.

इथवर आल्यावर माझा अंदाज असा झाला की टॅप बदलला की तापही जाईल. गाभ्यात जास्त चुंबकत्व म्हणजे जास्त उष्णता, सरळ हिशोब. काकांनी तो तिथंच मोडला. त्यांनी जुना टेस्ट रिपोर्ट मागवला, कपाटात तळाशी सापडला. त्यात लिहिलं होतं: लोड नसताना होणारा तोटा ९०० वॅट, पूर्ण लोडला तांब्यातला तोटा ६५०० वॅट. म्हणजे पूर्ण लोडला एकूण ७४०० वॅट उष्णता, आणि तेवढ्या उष्णतेला तेल हवेपेक्षा जास्तीत जास्त ५० अंश चढेल असं नेमप्लेटवर वचन.

आमचा करंट ४१० अँपिअर. पूर्ण लोडचा करंट ६६७. म्हणजे लोड ६२ टक्के, मामांचा 'लोड जास्त' तिथंच निकालात. तांब्यातला तोटा करंटच्या वर्गानं जातो. म्हणून ६५०० चे ६२ टक्के धरायचे नाहीत, जेमतेम ३८ टक्के, म्हणजे २५०० वॅट. त्यात गाभ्याचे ९०० मिळवले तर ३४०० वॅट. पूर्ण लोडच्या निम्म्याहूनही कमी उष्णता. तेवढ्यानं तेल हवेपेक्षा २७ अंश वर जायला हवं. (उष्णता निम्मी झाली म्हणून चढ बरोबर निम्मी होत नाही, थोडी जास्त राहते. काका त्यासाठी ०.८ चा घात लावतात.) हवा ४२, म्हणजे तेल ६९ असायला हवं. आहे ८६. सतरा अंश बेहिशेबी.

आता टॅपमुळं गाभ्याचा तोटा किती वाढला असेल? दहा टक्के जास्त व्होल्टेजला ९०० चे १३०० धरले तरी ४०० वॅट वाढले. ३४०० त ४०० म्हणजे तीन अंश, फार तर चार. उरलेले तेरा-चौदा अंश आवाजाच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात मी शिकलो तो हाच हिशोब. पाच मिनिटांचा आहे आणि टेस्ट रिपोर्ट हाताशी असला की कुणालाही जमतो. तो न करता आम्ही टॅप बदलला असता, आवाज थांबला असता, काटा तीन अंश उतरला असता आणि 'उन्हाळाच तसा आहे' म्हणून गप्प बसलो असतो.

मग उष्णता जास्त तयार होत नसेल तर ती बाहेर पडत नसणार. दुसऱ्या दिवशी दुपारी ३ वाजता काका इन्फ्रारेड तापमापक घेऊन आले. पिस्तुलासारखा असतो, लांबून रोखायचा. आधी एलटीची तिन्ही बुशिंग बघितली: ७०, ७२, ७१. एखादं बाकीच्यांपेक्षा वीस-तीस अंश वर असतं तर तिथला नट सैल आहे असं समजायचं, पण तिन्ही सारखी होती. मग रस्त्याकडचे रेडिएटर. वरचा पाइप ८१, खालचा ६४. वर गरम, खाली गार, म्हणजे तेल वरून शिरतंय, निवतंय, खालून टाकीत परत जातंय. पंप नसलेल्या ट्रान्सफॉर्मरचं सगळं काम या फिरण्यावर चालतं. त्याच्या पात्यांत मात्र कापसाचे तंतू धुळीबरोबर बसून अक्षरशः जाजम तयार झालं होतं. टॉवेलच्या कारखान्यात हे व्हायचंच.

मग भिंतीकडचे रेडिएटर. वरचा पाइप ५२. खालचा ४७. भर दुपारी, ८६ अंश तेलाच्या टाकीला चिकटलेला रेडिएटर ५२. मी उलट्या हाताची बोटं पात्याला लावली, चटकासुद्धा बसला नाही. उन्हात तापलेल्या दुचाकीची सीट याहून गरम असते.

"याच्यात तेल फिरतच नाही," काका म्हणाले. "याला कधी हात लावला होता?"

लावला होता. जानेवारीत, गड्ड्याच्या सुट्टीत. सिद्धेश्वरांच्या यात्रेत कामगार तसेही येत नाहीत, म्हणून त्या चार दिवसांत आम्ही भिंतीकडच्या रेडिएटरची गळती काढून घेतली होती. गॅस्केट बदललं, वर राखाडी रंगाचा हात मारला. रेडिएटर टाकीला जोडतो तिथं वर आणि खाली एकेक झडप असते, काम करताना दोन्ही बंद करून फक्त रेडिएटरमधलं तेल काढता येतं. काम झालं की दोन्ही उघडायच्या. खालची उघडली होती. वरच्या झडपेवर उघडं-बंद दाखवणारी खूण असते, ती रंगाखाली गेली होती. मामांनी चाकूनं रंग खरवडला. खूण 'बंद'वर होती. मामा काही बोलले नाहीत. काम चाललं होतं तेव्हा ते स्वतः तिथं उभे होते, आणि मीही होतो.

जानेवारीपासून आम्ही निम्म्या रेडिएटरवर चालवत होतो. हिवाळ्यात हवाच एवढी गार की काटा साठ-सत्तरच्या पुढे गेला नसेल, डायलकडे बघतो कोण? आकडेही जुळले. थंड होण्याची निम्मी जागा गेली की २७ अंशांची चढ ४५ च्या आसपास जाते. आमची होती ४४.

हा ताप किती महागाचा? गुंडाळीतली सगळ्यात गरम जागा आमच्या लोडला तेलापेक्षा अजून दहा-अकरा अंश वर असते, म्हणजे ९७ च्या आसपास. गुंडाळीवरच्या कागदाचं आयुष्य झिजण्याचा वेग दर सहा अंशांना दुप्पट होतो. सतरा अंश म्हणजे तीन वेळा दुप्पट होण्याच्या जरा अलीकडे, सुमारे सात पट. तेल बदलता येतं, फिल्टर करता येतं. कागद बदलायचा तर ट्रान्सफॉर्मर उघडून गुंडाळीच नवी करावी लागते.

शटडाऊन आम्ही आठवडी सुट्टीला घेतला, परवानाधारक कंत्राटदारामार्फत, वीज कंपनीला कळवून. हा टॅप चालू असताना फिरवायचा नसतो. त्याचे संपर्क करंट तोडण्यासाठी बनवलेलेच नसतात, आत ठिणगी पडली तर तेल पेटू शकतं. आधी एलटीचा ब्रेकर पाडला, कपॅसिटर सुटे केले, मग एचटी बंद केली, तिन्ही तारा एकदम तोडणारा गँग स्विच उघडून कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. तपासणी झाल्यावर दोन्ही बाजूंना अर्थ रॉड अडकवले. त्यानंतरच हँडलला हात.

टॅप ३ वर न्यायचा की २ वर यावर थोडी चर्चा झाली. रात्रीचा दाब बघितला तर २ नंबर (११२७५) जास्त शोभतो, गाभा अगदी आरामात राहील. पण दुपारी दाब १०.९ वर येतो आणि त्यात लोडचे दोन टक्के जातात, मग मोटारींना चारशे दहाच मिळतील. ३ नंबरवर दुपारी ४२१, रात्री ४३९. तोच ठरला. बारा-तेरा वर्षं एकाच जागी बसलेल्या टॅपच्या बाकीच्या संपर्कांवर तेलाची पुटं चढलेली असतात. म्हणून हँडल एकदम ३ वर न थांबवता १ पासून ७ पर्यंत पाच-सहा वेळा फिरवलं, पुटं घासून निघावीत म्हणून. मग ३ वर लॉक करून एचटीच्या तिन्ही जोड्यांचा रेझिस्टन्स मोजला. रीडिंग स्थिर व्हायला प्रत्येकी दोन-तीन मिनिटं लागली, घाई केली तर चुकीचं येतं. तिन्ही ३ ओहमच्या आसपास, आपसात एक टक्क्याच्या आत. एखादी जोडी वेगळी आली असती तर संपर्क नीट बसलेला नाही, आणि तसाच चालू केला तर काही महिन्यांत तिथंच जळणार.

झडप उघडणं हे वाटतं तेवढं सोपं नव्हतं. वरची झडप बंद असल्यानं रेडिएटरच्या माथ्यावर हवा कोंडलेली होती. चालू ट्रान्सफॉर्मरवर ती झडप उघडली असती तर हवा बुडबुड्यांनी थेट टाकीत, गुंडाळीच्या वर गेली असती. तेलातला बुडबुडा म्हणजे विजेला वाट. आधी रेडिएटरच्या माथ्यावरचा हवेचा स्क्रू सैल केला, मग झडप हळूहळू उघडली. फुस्स करत हवा निघाली आणि शेवटी तेलाची धार आली, तेव्हा स्क्रू आवळला. कन्झर्व्हेटरची पातळी उतरली, तपासलेलं नवं तेल ३५ लिटर लागलं. बुशिंगच्या माथ्यावरचे हवेचे स्क्रूही उघडून बघितले. मग रात्रभर तसाच ठेवला, उरलेली हवा वर चढून जावी म्हणून. त्याच वेळात रस्त्याकडची पाती आधी ब्रशनं, मग हवेच्या झोतानं साफ केली. दोन पोती तंतू निघाले. केबल बॉक्सचे बोल्ट आवळले, खाली नवं रबर घातलं.

तेलाचे दोन नमुने आधीच पुण्याच्या प्रयोगशाळेत गेले होते. एक साध्या बाटलीत, तेल किती किलोव्होल्टला फुटतं ते बघायला. वापरातल्या आपल्या दर्जाच्या तेलाला ३० चालतं, आमचं ४६ आलं. फिल्टरची गरजच नव्हती. दुसरा काचेच्या सिरिंजमध्ये, हवा न लागू देता, तेलात विरघळलेले वायू मोजायला. आत ठिणगी पडत असेल तर तेलातून अ‍ॅसिटिलीन निघतो. एखादा सांधा तापून लाल होत असेल तर इथिलीन वाढतो. कागद भाजत असेल तर कार्बन मोनॉक्साइड. आमच्यात अ‍ॅसिटिलीन शून्य, इथिलीन किरकोळ, कार्बन मोनॉक्साइड वयाच्या मानानं थोडा वर. चार महिन्यांच्या तापाचा तेवढा हिशोब कागदानं लिहून ठेवला होता. काका म्हणाले, सहा महिन्यांनी पुन्हा एक नमुना पाठव. एका रिपोर्टवरून फार काही ठरत नाही, दोनमधला फरक बोलतो.

सकाळी चार्ज केला. आधी बिनलोडचा, अर्धा तास. एलटीला तिन्ही फेजमध्ये ४३८-४३९. मी खडूच्या फुलीवर उभा राहिलो, फोनवर ६१. घर्र गेली होती, जुना सपाट 'घूं' परत आला होता. मग एकेक करून लूम घेतले.

खरी परीक्षा दुपारी ३ ला. हवा ४२, करंट ४०८. भिंतीकडच्या रेडिएटरच्या वरच्या पाइपावर पिस्तूल रोखलं, ६७. मामांनी बोटं लावली आणि झटकन मागे घेतली, "आता चटका बसायलाय मालक," आणि किती दिवसांनी हसले. डायलवरचा काळा काटा ७० वर थांबला. कागदावर ६९ आले होते. लाल काटा मी हातानं मागे आणून काळ्याला टेकवला.

हूटरची वायर पाइपातून घेतली आहे. झडपांच्या खुणा रंगाखाली जाऊ नयेत म्हणून मामांनी त्यांच्यावर पिवळ्या ऑइल पेंटनं बाण काढलेत, कारखान्याच्या नेमबोर्डावरच्या अक्षरांपेक्षाही मोठे.